खरेदीचं इनपुट GSTR-2B मध्ये कमी दिसतंय? तपासणी कुठून सुरू करायची

मराठवाड्यातल्या मोंढ्यांत छोट्या व्यापाऱ्यांसमोर जीएसटी रिटर्नबद्दल बोलायला मी बरीच वर्षं जातो. तारखा सांगतो, वह्या कशा ठेवायच्या ते सांगतो. पण बोलणं संपल्यावर चहाच्या वेळी लोक जवळ येतात तेव्हा दहातल्या सात जणांचा प्रश्न एकच असतो: "सर, माल घेतलो, टॅक्स भरलो, बिल माझ्याकडं आहे. मग इनपुट कमी का दाखवतंय?" हा एकच बिघाड मी इतक्या दुकानांत दुरुस्त केला आहे की आता तपासणीचा क्रम ठरून गेला आहे. तोच इथे लिहितो. जे फुकट आणि पाच मिनिटांत होतं ते आधी, ज्याला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं ते नंतर.

लक्षणं

पुढच्यांपैकी एक जरी दिसलं तरी बिघाड हाच समजा.

- खरेदी वहीतली टॅक्सची बेरीज आणि GSTR-3B मध्ये आपोआप आलेला इनपुटचा आकडा यांत फरक आहे.
- दर तिमाहीला तुमच्या हिशेबापेक्षा जास्त रोख भरावी लागते.
- ठोक व्यापारी म्हणतो "मी भरलोय", आणि तुमच्या स्क्रीनवर त्याचं बिल नाही.
- मागच्या वर्षी हाताने आकडा वाढवून रिटर्न भरलं होतं आणि आता `ASMT-10` नावाची नोटीस आली आहे.

शेवटचं लक्षण असेल तर खालच्या तपासण्या करा, पण उत्तर स्वतः लिहायला बसू नका. त्याबद्दल शेवटी सांगतो.

बिल हातात असणं पुरेसं का नाही, हे आधी समजून घ्या. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यात अट आली की विकणाऱ्याने ते बिल त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे GSTR-1 मध्ये, दाखवलं पाहिजे आणि ते तुमच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे पोर्टलने तुमच्यासाठी बनवलेल्या इनपुटच्या यादीत, उतरलं पाहिजे, तरच इनपुट घेता येतं. त्याआधी थोड्याफार फरकाला मोकळीक होती. आता ती नाही. म्हणजे तुमचं इनपुट दुसऱ्याच्या रिटर्नवर अवलंबून आहे. खालची प्रत्येक तपासणी ही साखळी कुठे तुटली ते शोधण्यासाठी आहे.

तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर इथेच थांबा. कंपोझिशनवाल्याला इनपुट मिळतच नाही, त्यामुळे हा बिघाड तुमचा नाही.

उदाहरणासाठी एक दुकान

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. उलाढाल दीड कोटीच्या आत, रिटर्न तिमाही. मालक १९ जुलैला संध्याकाळी माझ्याकडे आले. एप्रिल ते जून या तिमाहीत त्यांच्या विक्रीवरचा टॅक्स २,०५,००० रुपये होता. खरेदी वहीप्रमाणे इनपुट १,९३,६००. त्यांच्या हिशेबाने ११,४०० रुपये भरायचे होते. स्क्रीनवर मात्र इनपुट १,४८,६०० होतं, म्हणजे भरायचे ५६,४००. फरक ४५,००० रुपयांचा. पहिल्या दोन महिन्यांत चलनाने भरलेली रक्कम सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

मुदत २२ जुलै. हातात तीन दिवस. पेरणीचा हंगाम, अर्धा माल उधारीवर गेलेला, आणि गल्ल्यात तेवढी रोख नाही. एका तपासणीत हे ४५,००० सुटले नाहीत. ते चार वेगवेगळ्या ठिकाणी अडकलेले होते आणि प्रत्येक ठिकाण वेगळ्या तपासणीत सापडलं.

पहिली तपासणी: तुम्ही बरोबर कागद बघताय का?

पोर्टलवर `GSTR-2A` आणि `GSTR-2B` असे दोन कागद आहेत. 2A रोज बदलतो. विकणाऱ्याने आज बिल टाकलं की आज तिथे दिसतं. 2B एकदा बनतो आणि त्या काळापुरता ठरून जातो. रिटर्न 2B वरून भरायचं. बरेच जण 2A मध्ये बिल बघून निर्धास्त होतात आणि 3B उघडल्यावर गोंधळतात.

2B १४ तारखेला बनतो. त्याआधी, महिन्याने रिटर्न भरणाऱ्या विक्रेत्याची GSTR-1 ची मुदत ११ तारीख असते आणि तिमाहीवाल्याची १३. त्या मुदतीत त्याने भरलं तर बिल तुमच्या या 2B मध्ये येतं. एक दिवस जरी चुकला तरी ते पुढच्या 2B मध्ये जातं. तुम्ही तिमाही योजनेत असाल तर तुमचा 2B सुद्धा तिमाहीलाच बनतो, त्यामुळे मे महिन्यात एप्रिलचा 2B शोधत बसू नका.

उलटी अडचण महिन्याने भरणाऱ्याला येते. तुम्ही दरमहा भरता आणि तुमचा विक्रेता तिमाही योजनेत आहे. त्याने पहिल्या दोन महिन्यांची बिलं `IFF` या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकली तरच तुम्हाला ती लगेच दिसतात. ती सोय त्याच्यावर सक्तीची नाही. त्याने नाही टाकली तर एप्रिलच्या बिलाचं इनपुट तुम्हाला थेट जुलैच्या १४ तारखेला दिसेल. यात चूक कोणाचीच नसते, पैसे मात्र तुमचे अडकतात. अशा विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

आमच्या दुकानदाराचं एक बिल इथेच सापडलं. जालन्याच्या विक्रेत्याचं, ६०,००० चा माल, १०,८०० टॅक्स. 2A मध्ये ते दिसत होतं आणि GSTR-1 भरल्याची तारीख होती १६ जुलै. पाच दिवस उशीर. हे पैसे बुडालेले नाहीत. जुलै ते सप्टेंबरच्या 2B मध्ये ते येणार आणि तेव्हा घ्यायचे. या तिमाहीत मात्र तेवढी रोख भरावी लागणार.

दुसरी तपासणी: बिल आलंय, पण चुकीच्या खान्यात

2B उघडला की बहुतेक जण वरची बेरीज बघून बंद करतात. खाली `ITC not available` असा वेगळा भाग असतो. तो उघडा. तिथे बिल दिसत असेल तर विक्रेत्याने ते दाखवलं आहे, पण इनपुट तुम्हाला लागू होत नाही असं पोर्टल सांगतंय.

नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या व्यापाऱ्यांना इथे हमखास एक बिल सापडतं, आणि ते हैदराबादचं असतं. आपले लोक गाडी घेऊन जातात, दुकानातून माल उचलतात, बिल घेतात. तिथला काउंटरवरचा माणूस समोर गिऱ्हाईक बघून आपल्याच राज्यातली विक्री समजतो आणि तेलंगणाचा सीजीएसटी-एसजीएसटी लावतो. तुमचा नंबर बिलावर अगदी बरोबर असतो. पण तेलंगणाचा राज्य टॅक्स महाराष्ट्रातल्या दुकानाला वापरता येत नाही, म्हणून ते बिल या भागात जाऊन बसतं. बिदर किंवा कलबुर्गीहून माल आणणाऱ्यांचंही हेच होतं.

कायद्यात मालाचा प्रवास विक्रेत्याने केला की खरेदीदाराने, याला महत्त्व नाही. माल शेवटी जिथे पोचतो ते ठिकाण धरायचं. तुम्ही माल महाराष्ट्रात आणताय म्हणजे बिल आयजीएसटीचं हवं. हे बिल बनायच्या आधी, काउंटरवर उभं राहून सांगावं लागतं. नंतर दुरुस्ती करायची तर विक्रेत्याला आयजीएसटी नव्याने भरावा लागतो आणि आधी भरलेल्या टॅक्सचा परतावा मागावा लागतो. एका बिलासाठी एवढं करायला फार थोडे तयार होतात.

परभणीच्या दुकानदाराचं एक लाखाचं बिल इथे होतं, १८,००० टॅक्स. विक्रेत्याने दुरुस्तीला नकार दिला. ते १८,००० मालाच्या किमतीत धरावे लागले. चार कारणांतलं हे एकच असं होतं जिथे पैसे खरोखर गेले.

तिथेच पोर्टलवर `IMS` सुद्धा उघडून बघा. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. तुमच्या नावावर आलेलं प्रत्येक बिल तिथे स्वीकारता, नाकारता किंवा लांबणीवर ठेवता येतं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. ओळखीचं नाव नाही म्हणून कोणीतरी `Reject` दाबलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. दुकानावरच्या पाटीत एक नाव असतं आणि जीएसटीत दुसरं, त्यामुळे हिशेबनीस फसतो. 3B भरायच्या आधी लक्षात आलं तर निर्णय बदला आणि 2B पुन्हा काढायचं बटण दाबा, बिल परत येतं. 3B भरून झाल्यावर मात्र विक्रेत्याला ते बिल पुन्हा दाखवायला सांगावं लागतं.

तिसरी तपासणी: चूक आपल्याच वहीत आहे का?

विक्रेत्याला फोन लावायच्या आधी हे करा. नाहीतर तो वैतागतो आणि पुढच्या वेळी खऱ्या चुकीलाही दाद देत नाही.

2B एक्सेलमध्ये उतरवून घ्या. विक्रेत्याच्या जीएसटी नंबरप्रमाणे लावा, वहीतल्या नोंदीही तशाच लावा आणि एकेका बिलावर खूण करत जा. बेरजेला बेरीज लावून काही सापडत नाही. बिल नंबरला बिल नंबर लावावा लागतो. चाळीस-पन्नास बिलांना तासभर पुरतो.

या तासात तीन गोष्टी निघतात. एक, बिल दोनदा चढलेलं असतं. हल्ली ठोक व्यापारी बिलाचा फोटो मोबाइलवर पाठवतो, हिशेबनीस तो चढवतो, आणि आठवड्याने मालाच्या गाडीबरोबर मूळ बिल येतं तेव्हा पुन्हा चढवतो. दोन, माल परत केल्याची क्रेडिट नोट वहीत घेतलेलीच नसते, 2B मध्ये मात्र ती वजा झालेली असते. तीन, घरच्या गाडीचं किंवा हॉटेलच्या जेवणाचं बिल इनपुटमध्ये धरलेलं असतं, जे मुळात मिळत नाही.

आमच्या दुकानात ४०,००० चं एक बिल दोनदा होतं. ७,२०० रुपये. म्हणजे वहीतलं खरं इनपुट १,८६,४०० आणि खरा फरक ३७,८००. मालकांना जरा वाईट वाटलं, कारण ते इतका वेळ सगळा दोष व्यापाऱ्यांना देत होते.

वही कशी ठेवायची हेही इथेच सांगतो, कारण वहीत जागाच नसेल तर ही तपासणी होत नाही. खरेदी वहीत बिल नंबर, बिलाची तारीख, विक्रेत्याचा जीएसटी नंबर, मालाची किंमत आणि टॅक्स हे सगळेच लिहितात. आणखी दोन खाने पाडा: माल दुकानात पोचल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख. इनपुटसाठी माल हातात आलेला असावा लागतो. ३० जूनचं बिल आणि ३ जुलैला आलेला माल असेल तर बिल जूनच्या 2B मध्ये दिसलं तरी इनपुट पुढच्या तिमाहीत धरायचं. पैसे दिल्याची तारीख याच्यासाठी की बिलापासून १८० दिवसांत विक्रेत्याला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट व्याजासह परत करावं लागतं. आपल्याकडे सोयाबीन-कापूस विकला जाईपर्यंत उधारी लांबते. त्यामुळे हा खाना कोरा राहिला तर कोणतं बिल १८० दिवस ओलांडून गेलं ते कळत नाही. पैसे दिल्यावर ते इनपुट परत घेता येतं.

पाडव्याला किंवा दिवाळीला नवी वही पूजत असाल तर जरूर पूजा. खरेदीची नोंद मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च अशीच ठेवा. थर्मल कागदावरची बिलं आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात पांढरी पडतात, म्हणून त्यांचा फोटो काढा. कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. २०२४-२५ ची बिलं म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत.

चौथी तपासणी: विक्रेता कोण आहे?

इथपर्यंत येऊनही बिल सापडलं नाही तर पोर्टलच्या पहिल्या पानावर `Search Taxpayer` मध्ये विक्रेत्याचा नंबर टाका. लॉगिनही लागत नाही. तीन गोष्टी बघा.

तो नियमित आहे की कंपोझिशनमध्ये? कंपोझिशनवाल्याला बिलावर टॅक्स लावायचा अधिकारच नाही. त्याने लावला असेल तर ते पैसे तुम्ही फुकट दिलेत. नोंदणी चालू आहे की रद्द? रद्द असेल तर कोणत्या तारखेपासून? आणि `Show Filing Table` दाबून बघा, त्याने GSTR-1 आणि GSTR-3B कधी भरले. GSTR-1 वेळेवर आणि 3B महिनोन्महिने नाही, असं दिसलं तर सावध व्हा. बिल तुमच्या 2B मध्ये येतंय, पण त्याने टॅक्स सरकारात भरलेला नाही. त्या वर्षानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने 3B भरलं नाही तर तुम्हाला ते इनपुट ३० नोव्हेंबरपर्यंत परत करावं लागतं. त्याने पुढे कधी भरलं तर ते पुन्हा घेता येतं.

नवीन विक्रेत्याशी पहिलाच व्यवहार असेल तर हे दोन मिनिटांचं काम पैसे द्यायच्या आधी करा.

पाचवी तपासणी: फोन

आता फोन करायचा. "माझं इनपुट दिसंना" एवढंच सांगितलं की समोरून "आमचं सगळं भरलेलं आहे" असं उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. बिल त्याने भरलेलं असतं, पण तुमच्या नंबरावर नसतं. म्हणून बिल नंबर आणि तारीख सांगून विचारा: "हे बिल कोणत्या जीएसटी नंबरावर टाकलंय, आणि नंबरवाल्या बिलांत आहे की किरकोळ विक्रीत?"

आमच्या दुकानाचं ५०,००० चं, ९,००० टॅक्सचं बिल असंच निघालं. बिलावर दुकानाचं नाव होतं पण जीएसटी नंबर लिहिलेलाच नव्हता. माल आणायला मुलगा गेला होता, त्याला नंबर पाठ नव्हता. विक्रेत्याच्या हिशेबनिसाने ते किरकोळ गिऱ्हाइकाची विक्री म्हणून दाखवलं. टॅक्स सरकारात गेला, आपल्या खात्यात आला नाही. विक्रेता चांगला होता. त्याने पुढच्या GSTR-1 मध्ये किरकोळ विक्रीतून ती रक्कम कमी केली आणि आमच्या नंबरावर दाखवली. ९,००० पुढच्या तिमाहीत आले.

नंबर चुकण्याची आणखी एक तऱ्हा आहे, ती सांगताना मला दरवेळी जड जातं. वडील वारतात, मुलगा तेच दुकान त्याच नावाने चालवतो. मुलाचा पॅन वेगळा, म्हणून जीएसटी नंबरही नवा असतो. नंबरातली पहिली दोन अक्षरं राज्याची, आपली २७, आणि पुढची दहा म्हणजे पॅनच असतो. ठोक व्यापाऱ्याच्या संगणकात मात्र वडिलांचाच नंबर राहतो आणि बिलं वर्षभर तिकडे जात राहतात. भावांनी भागीदारी केली तरी हेच होतं. नंबर बदलला असेल तर प्रत्येक विक्रेत्याला नवं प्रमाणपत्र पाठवा आणि त्यानंतरच्या पहिल्या बिलावरचा नंबर एकेक अक्षर लावून बघा.

तोवर रिटर्नचं काय करायचं?

लोक दोन चुका करतात आणि दोन्ही महाग पडतात.

पहिली चूक म्हणजे हाताने आकडा वाढवणं. 3B मध्ये इनपुटचा आकडा बदलता येतो, लाल खूण येते आणि रिटर्न जातंही. आमच्या मालकांनी मागच्या एका तिमाहीत असंच केलं होतं. 2B मध्ये नसलेलं इनपुट घेऊन वापरलं तर ते परत करावं लागतं, वर १८ टक्के व्याज. ३७,८०० रुपयांवर वर्षाचं ६,८०४ होतं, आणि नोटीस यायला वर्षाहून जास्त काळ लागू शकतो.

दुसरी चूक म्हणजे विक्रेत्याने दुरुस्ती करेपर्यंत रिटर्नच थांबवणं. उशिराला दिवसाला ५० रुपये लागतात. दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००. त्याशिवाय भरायच्या रोख रकमेवर व्याज. ५६,४०० रुपये ३० दिवस उशिरा भरले तर दंड १,५०० आणि व्याज सुमारे ८३४. शिवाय तुमचंच GSTR-1 मागे पडलं तर तुमच्याकडून माल घेणाऱ्या दुकानदाराच्या स्क्रीनवर हाच बिघाड सुरू होतो.

म्हणून 2B मध्ये आहे तेवढंच इनपुट घ्यायचं आणि मुदतीत भरायचं. महाराष्ट्रात तिमाहीवाल्यांचं 3B २२ तारखेपर्यंत, दरमहा भरणाऱ्यांचं २० पर्यंत. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचं चलन पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. आमच्या मालकांनी मेव्हण्याकडून हातउसने घेऊन २२ जुलैला रिटर्न भरलं. ऑक्टोबरच्या 2B मध्ये १०,८०० आणि ९,००० दोन्ही आले, म्हणजे १९,८०० परत मिळाले.

राहिलेल्या बिलांची यादी वेगळ्या पानावर ठेवा आणि त्यावर शेवटची तारीख लिहा. कायद्याप्रमाणे एका आर्थिक वर्षाचं इनपुट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं. त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तेवढ्यापर्यंतच. पण तिमाही रिटर्न भरणाऱ्याने या ३० नोव्हेंबरवर विसंबू नये. ऑक्टोबर ते डिसेंबरचं रिटर्न जानेवारीत भरायचं असतं. म्हणजे त्या मुदतीच्या आत तुमचं शेवटचं रिटर्न जुलै ते सप्टेंबरचं, आणि त्याचा 2B १४ ऑक्टोबरला बनतो. विक्रेत्याची दुरुस्ती त्याच्या सप्टेंबरच्या GSTR-1 मध्ये, ११ किंवा १३ ऑक्टोबरच्या आत आलीच पाहिजे. दसऱ्या-दिवाळीच्या गर्दीत ही तारीख निघून जाते. मी माझ्या गिऱ्हाइकांना ऑगस्टमध्येच फोन करून यादी मागतो.

विक्रेता ऐकतच नसेल तर उधारीवर घेतलेल्या मालाची मूळ किंमत द्या आणि टॅक्सची रक्कम बिल 2B मध्ये दिसेपर्यंत थांबवा. हे माल घेतानाच बोलून ठेवा, म्हणजे नंतर वाद होत नाही. पण १८० दिवसांचा हिशेब डोळ्यासमोर ठेवा.

कुठे थांबायचं आणि जाणकाराकडे जायचं

वरच्या पाच तपासण्या कोणताही दुकानदार स्वतः करू शकतो. पुढच्या गोष्टींना स्वतः हात लावू नका, सीए किंवा कर सल्लागाराकडे जा.

नोटीस आली असेल तर. `ASMT-10` ला उत्तर द्यायची मुदत नोटिशीत लिहिलेली असते, जास्तीत जास्त ३० दिवस. `DRC-01` म्हणजे मागणीची नोटीस. तिला दिलेलं चुकीचं उत्तर पुढे अपिलातही आडवं येतं. नोटीस पोर्टलवर येते आणि ई-मेल हिशेबनिसाचा दिलेला असला तर मालकाला कळतही नाही. म्हणून नोंदणीतला मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच ठेवा.

विक्रेत्याची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली असेल तर. मग माल खरोखर आला होता आणि पैसे बँकेतून दिले होते हे सिद्ध करावं लागतं. वडिलांच्या नंबरावर इनपुट शिल्लक असेल तर. ते मुलाच्या नंबरावर आणायला `ITC-02` लागतो आणि त्यात सीएचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मुदत उलटून गेलेलं इनपुट आधीच घेतलं असेल तर. आणि फरक भरून काढायला कोणी नुसतं बिल विकायला आला तर त्याला दुकानात बसूही देऊ नका. मालाशिवाय बिल घेणं हा गुन्हा आहे, त्यातून सोडवायला सल्लागारही अपुरा पडतो.

जाणकाराकडे जाताना त्या तिमाहीचा 2B, खूण केलेली खरेदी वही, न सापडलेल्या बिलांच्या मूळ प्रती, त्या विक्रेत्यांना पैसे दिल्याचा बँकेचा उतारा आणि माल आल्याची गाडीची पावती एवढं पिशवीत टाका. नोटीस असेल तर ती वर ठेवा, आणि ती पोर्टलवर कोणत्या तारखेला आली ते पेनने तिच्या कोपऱ्यात लिहा.